कामाच्या दिवसांवरून तारीख कशी काढावी

आठवड्याचे दिवस सात. त्यांत रविवारी सुट्टी. राहिले सहा. हे सहा कामाचे दिवस. एवढे आपणां सर्वांना ठाऊक आहे. पण "अमुक तारखेला काम सुरू केले, चाळीस दिवस काम चालले, तर ते कोणत्या तारखेला संपेल?" असे कोणी विचारले की पुष्कळांची बोटे अडखळतात. कारण कामाचे चाळीस दिवस वेगळे आणि कॅलेंडरवरचे चाळीस दिवस वेगळे. कॅलेंडर रविवारी थांबत नाही. काम मात्र थांबते.

हे दोन हिशेब एकमेकांत कसे बसवायचे, ते आपण या पाठात शिकू. त्यासाठी आपल्याच भागातील एका घराचे उदाहरण घेऊ.

माळवद उतरवायचे आहे

आपल्या सोनपेठ तालुक्यात जुनी घरे माळवदाची आहेत. दगडमातीच्या भिंती, वर लाकडी तुळया, त्यांवर फळ्या किंवा किलच्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. हे माळवद उन्हाळ्यात थंड असते. पण तुळया कुजल्या म्हणजे ते गळू लागते, आणि एक दिवस खाली बसण्याची भीती असते.

समजा, एका शेतकऱ्याने ठरवले की यंदा माळवद उतरवायचे, भिंती वाढवायच्या आणि वर पत्रे टाकायचे. त्याने गवंड्याला बोलावले आणि विचारले, "मिस्त्री, किती दिवसांचं काम हाय?"

गवंड्याने घर फिरून पाहिले. तो म्हणाला, "चाळीस दिवस धरा, दादा. आयतवारी मात्र आम्ही काम करत नाही. बाकी रोज येऊ."

दादांनी सन २०२६ चे कॅलेंडर पाहिले. एप्रिलच्या २० तारखेला सोमवार होता. त्या दिवशी काम सुरू करायचे ठरले. दादांनी बोटावर चाळीस दिवस मोजले. ते आले २९ मे, शुक्रवार. मृग निघतो जूनच्या ७-८ तारखेला. "मृगाच्या आत नऊ-दहा दिवस मोकळे हायेत," असे म्हणून ते निश्चिंत झाले.

आता विचार करा. माळवद एकदा उतरवले की घराला छप्पर राहत नाही. धान्याची पोती, लेकरांची अंथरुणे, चूल, सगळे उघड्यावर. भिंतीही मातीच्या. वर छप्पर नसताना मोठा पाऊस झाला तर नुसते सामान भिजत नाही, भिंतीची माती सुटते आणि भिंत ढासळते. म्हणून दादांची तारीख बरोबर आहे की चूक, यावर त्यांचे घर अवलंबून आहे.

दादांची तारीख चूक आहे. त्यांनी रविवारही कामाचे धरले.

रविवार मिळवले तरी तारीख चुकते

दादांच्या घरी शाळेत जाणारा नातू आहे. तो म्हणाला, "आबा, मधले रविवार मोजा आणि तेवढे दिवस पुढे जा."

त्याने रविवार मोजले. २६ एप्रिल, ३ मे, १० मे, १७ मे, २४ मे. झाले पाच. २९ मे च्या पुढे पाच दिवस गेले की येते ३ जून. नातू म्हणाला, "काम ३ जूनला संपेल."

नातवाची वाट बरोबर आहे, पण तो एक पाऊल कमी चालला. २९ मे आणि ३ जून यांच्यामध्ये ३१ मे येते. त्या दिवशी पुन्हा रविवार! सुट्टीचे पाच दिवस भरून काढताना त्यांतच आणखी एक सुट्टी आली. ती कोणी भरायची? तिच्यासाठी आणखी एक दिवस पुढे गेले पाहिजे. म्हणून काम संपेल ४ जूनला, गुरुवारी.

येथेच पुष्कळांचा हिशेब चुकतो. रविवार मिळवावे तर नवा रविवार येतो. तो मिळवावा तर कदाचित आणखी एक येतो. काम जितके लांब तितके हे जास्त होते. म्हणून अशी रीत हवी की जीत सगळे रविवार एकदमच हिशेबात येतील.

सहाने भागा, सातने चढा

ती रीत अशी आहे. सहा दिवस काम केले की त्यामागे एक रविवार येतोच. मग तुम्ही सोमवारी सुरू करा, नाहीतर गुरुवारी करा. गुरुवारी सुरू करणारा गुरुवार, शुक्रवार, शनिवार, सोमवार, मंगळवार, बुधवार असे सहा दिवस काम करील. पुढचा दिवस पुन्हा गुरुवार. कामाचे दिवस सहा झाले आणि कॅलेंडर सात दिवस पुढे गेले.

म्हणजे कामाचे दर सहा दिवस हे कॅलेंडरचे सात दिवस. कामाच्या दिवसांना सहाने भागायचे. जितके भाग येतील तितके पुरे आठवडे कॅलेंडरवर पुढे जायचे. बाकी जे दिवस उरतील ते शेवटी एकेक करून मोजायचे.

नातवाने चाळीस दिवसांत पाच रविवार पाहिले, कारण त्याने चाळीसला सातने भागल्यासारखे केले. सात पाचे पस्तीस. पण काम सात दिवसांचे नसते, सहा दिवसांचे असते. साहा साही छत्तीस. म्हणून चाळीस कामाच्या दिवसांत सहा रविवार आले.

पहिला दिवस धरायचा की सोडायचा?

भागाकार करण्यापूर्वी एक गोष्ट पक्की करावी लागते. ज्या दिवशी काम सुरू झाले तो दिवस मोजायचा की नाही?

गवंड्याच्या कामात पहिला दिवस मोजतात. २० एप्रिलला त्याने कुदळ मारली, त्या दिवसाची मजुरी घेतली, म्हणजे तो कामाचा पहिला दिवस झाला. आता शेताचे कुंपण आठवा. एका ओळीत चाळीस खांब उभे केले तर त्यांच्यामधले गाळे किती? एकोणचाळीस. पहिल्या खांबापाशी आपण उभेच असतो. शेवटच्या खांबापर्यंत जायला एकोणचाळीस गाळे चालावे लागतात. तसेच हे आहे. पहिला दिवस धरायचा असेल तर कामाच्या दिवसांतून एक वजा करा. चाळीसचे एकोणचाळीस करा. मग भागाकार करा.

कधी कधी पहिला दिवस मोजत नाहीत. "आजपासून दहा दिवसांत मोटार भरून देतो," असे दुकानदार म्हणतो, तेव्हा आजचा दिवस तो धरत नाही. उद्याचा पहिला. कायद्यातही असेच आहे. कायद्यातील शब्दांचा अर्थ कसा लावावा हे सांगणारा १८९७ सालचा एक कायदा आहे. त्यात सांगितले आहे की अमुक दिवसा'पासून' असे लिहिले असेल तर तो पहिला दिवस सोडून द्यावा. अशा ठिकाणी एक वजा करायचा नाही. जेवढे दिवस सांगितले तेवढ्यांनाच भागायचे.

एका दिवसाचा फरक लहान वाटतो. पण तो दिवस शनिवार असला तर पुढचा दिवस सोमवार असतो, आणि एकाचे दोन होतात. म्हणून बोलणे ठरवतानाच विचारून घ्यावे, "पहिला दिवस धरून की सोडून?"

दादांचा हिशेब

आता दादांचे गणित रीतीने करू. पाटी-लेखणी घ्या.

कामाचे दिवस ४०. पहिला दिवस धरायचा आहे, म्हणून एक वजा केला. राहिले ३९.

३९ ला ६ ने भागले. साहा साही छत्तीस. भाग आले ६, बाकी राहिली ३.

सहा भाग म्हणजे सहा आठवडे. साहा साते बेचाळीस. २० एप्रिलपासून ४२ दिवस पुढे जायचे. एप्रिलचे दिवस ३०. वीस तारखेनंतर एप्रिलचे राहिले १०. ४२ तून १० गेले, राहिले ३२. मे महिन्याचे दिवस ३१. ३२ तून ३१ गेले, राहिला १. म्हणजे आपण १ जूनला पोहोचलो. पुरे आठवडे चाललो, म्हणून वार तोच राहतो. २० एप्रिलला सोमवार, तर १ जूनलाही सोमवार. येथे वार बदललेला दिसला तर समजावे की महिन्याच्या दिवसांत चूक झाली.

कोणत्या महिन्याचे दिवस ३० आणि कोणत्याचे ३१, हे मुठीवरून कळते. मूठ वळा. पहिले हाड जानेवारी, त्यापुढची खाच फेब्रुवारी, पुढचे हाड मार्च, असे मोजत जा. हाडावर आलेला महिना ३१ चा. खाचेत आलेला ३० चा. फेब्रुवारी तेवढा वेगळा, २८ चा किंवा २९ चा. शेवटच्या हाडावर जुलै येतो. मग पुन्हा पहिल्या हाडापासून ऑगस्ट मोजा.

आता बाकी राहिलेले ३ दिवस. १ जून सोमवार. त्यापुढे मंगळवार २, बुधवार ३, गुरुवार ४. मध्ये रविवार आला नाही. काम संपले गुरुवारी, ४ जूनला.

बाकीत रविवार येतो का, हे कसे ओळखावे?

दादांच्या हिशेबात शेवटच्या तीन दिवसांत रविवार आला नाही. पण तो नेहमी चुकतो असे नाही. हे ओळखण्यासाठी वारांना क्रमांक द्या. सोमवार १, मंगळवार २, बुधवार ३, गुरुवार ४, शुक्रवार ५, शनिवार ६. रविवारला क्रमांक नाही, कारण त्या दिवशी काम नाही.

ज्या वारी काम सुरू झाले त्याचा क्रमांक आणि भागाकाराची बाकी यांची बेरीज करा. बेरीज सहा किंवा सहाहून कमी आली तर मध्ये रविवार नाही. बेरीज सहाहून जास्त आली तर मध्ये रविवार आला. तेव्हा एक दिवस जास्त धरा.

दादांचा वार सोमवार, क्रमांक १. बाकी ३. बेरीज ४. सहाहून कमी. म्हणून जास्त दिवस धरायचा नाही.

आता समजा, पत्रे परळीहून वेळेवर आले नाहीत आणि काम सोमवारी सुरू न होता गुरुवारी, २३ एप्रिलला सुरू झाले. दादांना वाटेल, तीन दिवस उशीर झाला, तर काम तीन दिवस उशिरा, म्हणजे ७ जूनला संपेल. पण ७ जूनला रविवार आहे. हिशेब करून पाहू.

४० तून १ वजा, ३९. सहाने भागून भाग ६, बाकी ३. २३ एप्रिलपासून ४२ दिवस पुढे गेलो की ४ जून, गुरुवार. गुरुवारचा क्रमांक ४. त्यात बाकी ३ मिळवली. बेरीज ७. सहाहून जास्त. म्हणून मध्ये रविवार आला. तीन दिवसांच्या जागी चार दिवस पुढे जायचे. ४ आणि ४ मिळून ८. काम संपेल सोमवारी, ८ जूनला.

पहा, काम तीन दिवस उशिरा सुरू झाले, पण चार दिवस उशिरा संपले. आणि ती तारीख मृगाचीच आली.

ताळा पहावा

कोणतेही गणित झाले की ताळा पहावा. या गणिताचा ताळा सोपा आहे. सुरुवातीच्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत कॅलेंडरचे सगळे दिवस मोजा. त्यांतून मधले रविवार वजा करा. कामाचे दिवस आले तर गणित बरोबर.

२० एप्रिल ते ४ जून. एप्रिलचे दिवस २० पासून ३० पर्यंत, दोन्ही टोके धरून ११. मे चे ३१. जूनचे ४. एकूण ४६. मधले रविवार २६ एप्रिल, ३, १०, १७, २४ आणि ३१ मे, असे ६. ४६ तून ६ गेले, ४०. ताळा जुळला.

२३ एप्रिल ते ८ जून. एप्रिलचे ८, मे चे ३१, जूनचे ८. एकूण ४७. रविवार वरचे सहा आणि ७ जून, असे ७. ४७ तून ७ गेले, ४०. हाही जुळला.

नातवाच्या तारखेचा ताळा पहा. २० एप्रिल ते ३ जून, दिवस ४५. रविवार ६. राहिले ३९. एक दिवस कमी. चूक आपोआप उघडी पडली.

रविवारी काम सांगितले तर

कधी आपण रविवारी सवड काढून दुकानदाराकडे जातो. तो वस्तू ठेवून घेतो आणि म्हणतो, "आजचा दिवस सोडून कामाचे दहा दिवस धरा." रविवारला तर क्रमांकच नाही. मग काय करावे? वस्तू आदल्या दिवशी, शनिवारी दिली असे समजावे. कारण शनिवारी दिली काय किंवा रविवारी दिली काय, कामाला हात सोमवारीच लागणार.

समजा, विहिरीवरची मोटार रविवारी, १० मे २०२६ ला भरायला दिली. ती ९ मे, शनिवारी दिली असे धरा. पहिला दिवस सोडायचा आहे, म्हणून एक वजा नाही. १० ला सहाने भागले. भाग १, बाकी ४. एक आठवडा पुढे गेलो, १६ मे, शनिवार. शनिवारचा क्रमांक ६. त्यात ४ मिळवले, १० झाले. सहाहून जास्त. म्हणून ४ च्या जागी ५ दिवस. १६ आणि ५ मिळून २१. मोटार गुरुवारी, २१ मे ला मिळेल. त्याआधी हेलपाटा मारू नये.

सुट्टी रविवारीच का?

आज आपण रविवार गृहीत धरतो. पण मुंबईच्या कापड गिरण्यांत कामगारांना पूर्वी ठरलेली साप्ताहिक सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरवून ही मागणी पुढे मांडली. गिरणीमालकांनी ती १० जून १८९० रोजी मान्य केली आणि रविवारची सुट्टी मिळू लागली.

आपला परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथे सरकारी कचेऱ्यांना शुक्रवारची सुट्टी असे. म्हणजे सुट्टीचा वार बदलू शकतो. आजही काही गावांत मजूर आणि गवंडी बाजाराच्या दिवशी काम बंद ठेवतात, कारण त्या दिवशी हप्ता मिळतो आणि बाजार करायचा असतो.

अशा ठिकाणी रीत तीच राहते. फक्त क्रमांक बदलतात. सुट्टीच्या दुसऱ्या दिवसाला १ म्हणावे आणि तेथून सहापर्यंत मोजावे. सुट्टी शुक्रवारी असेल तर शनिवार १, रविवार २, आणि गुरुवार ६. बाकीचे गणित जसेच्या तसे.

ही रीत कोठे चालत नाही?

आठवड्यात एकच सुट्टी असेल तेथेच ही रीत चालते. महाराष्ट्र शासनाच्या कचेऱ्यांत २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा सुरू झाला. तेथे शनिवार आणि रविवार दोन्ही सुट्ट्या. म्हणून अशा कचेरीचे कामाचे दिवस मोजताना सहाने नव्हे, पाचाने भागावे लागते. बाकीत शनिवार आला तर एक नव्हे, दोन दिवस जास्त धरावे लागतात. बँकांना १ सप्टेंबर २०१५ पासून महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते. तेथे नुसत्या भागाकाराने भागत नाही. कॅलेंडर समोर ठेवून ते शनिवार वेगळे मोजावे लागतात.

दुसरी गोष्ट सणावारांची. "रविवार सोडून रोज येऊ," असे गवंडी म्हणाला खरा. पण १ मे ला महाराष्ट्र दिन आहे, त्या दिवशी तो येणार का? पुष्कळ ठिकाणी गवंडी आणि सुतार अमावस्येला काम करत नाहीत. २०२६ साली १६ मे ला, शनिवारी, अमावस्या आहे. त्या दिवशी तो येणार का? हे आधीच विचारून घ्यावे.

समजा, गवंडी म्हणाला, "ते दोन दिवस आम्ही येणार नाही." मग आधी रविवारचा हिशेब पुरा करावा आणि नंतर हे दोन दिवस एकेक करून पुढे ढकलावेत. ४ जून गुरुवार. एक दिवस पुढे, शुक्रवार ५. दुसरा दिवस पुढे, शनिवार ६ जून. मध्ये रविवार आला नाही. पण वळवाचा पाऊस येऊन आणखी एक दिवस काम बंद पडले, तर पुढचा दिवस रविवार असल्याने काम थेट सोमवारी, ८ जूनला संपेल. वळीव कोणत्या दिवशी येईल हे गणित सांगू शकत नाही. पण एक दिवस वाया गेला तर त्याचे दोन कधी होतात, हे ते सांगते.

मागे मोजून ठरवणे

आता दादांनी उलट प्रश्न विचारला, "शनिवारी, ६ जूनला काम संपवायचंच असेल, तर उशिरात उशिरा कधी सुरू करावं?"

त्याच रीतीने मागे या. ३९ ला सहाने भागून भाग ६, बाकी ३. ६ जूनपासून ४२ दिवस मागे यायचे. जूनचे ६ दिवस मागे आलो की ३१ मे. ४२ तून ६ गेले, ३६. मे चे ३१ दिवस मागे आलो की ३० एप्रिल. ३६ तून ३१ गेले, ५. तीसच्या मागे पाच, २५ एप्रिल. वार तोच, शनिवार. शनिवारचा क्रमांक ६. मागे येताना बाकी वजा करायची. ६ तून ३ गेले, ३. तीन म्हणजे बुधवार. वजाबाकी एक किंवा जास्त आली, म्हणजे मध्ये रविवार नाही. शून्य किंवा त्याहून खाली गेली असती तर एक दिवस जास्त मागे जावे लागले असते. म्हणून २५ एप्रिलच्या तीन दिवस मागे, बुधवार, २२ एप्रिल.

हा हिशेब नुसत्या रविवारचा आहे. १ मे आणि अमावस्या हे दोन दिवस गवंडी येणार नसेल, तर २२ एप्रिलच्या मागे आणखी दोन दिवस यावे लागेल. ते आले सोमवार, २० एप्रिल. म्हणजे दादांच्या सोमवारात एकही दिवस शिल्लक नाही.

दादांनी मग दोन गोष्टी ठरवल्या. पत्रे आणि लोखंड दारात येऊन पडल्याशिवाय माळवदाला हात लावायचा नाही. आणि २० एप्रिलला काम सुरू झाले नाही तर यंदा नुसत्या दोन कुजलेल्या तुळया बदलायच्या, माळवद पुढच्या वर्षी उतरवायचे. गवंड्यालाही हे पटले. तो म्हणाला, "बराबर हाय, दादा. आमच्यामागं तुमचं घर उघडं पडाय नको."

सोडवून पहा

१. मंगळवारी, ५ मे २०२६ ला बांधबंदिस्तीचे काम सुरू झाले. पहिला दिवस धरून १५ दिवसांचे काम आहे. रविवारी सुट्टी. काम कधी संपेल?

२. शुक्रवारी, १२ जून २०२६ ला शिलाईचे यंत्र दुरुस्तीला दिले. तो दिवस सोडून कामाचे १२ दिवस लागतील. ते कधी मिळेल?

३. शनिवारी, १३ जून २०२६ ला काम सुरू झाले. पहिला दिवस धरून २० दिवसांचे काम आहे. ते कधी संपेल? येथे बाकीकडे नीट लक्ष द्या.

उत्तरे: पहिल्याचे गुरुवार, २१ मे. दुसऱ्याचे शुक्रवार, २६ जून. तिसऱ्याचे सोमवार, ६ जुलै. तिसऱ्याचे उत्तर ५ जुलै आले असेल तर कॅलेंडर पहा. त्या दिवशी रविवार आहे. कामाची शेवटची तारीख रविवारी आली तर हिशेब चुकला, हे नक्की समजा.